रिकाम्या जागेचं कारण

"चालत्याबोलत्या बाईला कागदाच्या रकान्यात कोंबतो म्हणजे काय गं? मी काय भिंतीची भेग हाय का फुटका नळ?"

कलाबाईंनी हातातली मेथीची जुडी परातीत आपटली. समोर बसलेल्या अंबूबाईंनी मान डोलावली. अंबूबाई सात नंबरच्या भाडेकरू. कलाबाई बोलायला लागल्या की मान डोलवायची आणि मेथी निवडत राहायची, हे त्यांना सहा वर्षांत अंगवळणी पडलं होतं.

"अन् एकदा नाय, चारदा! चार ठिकाणी नाव घातलंय मेल्यानं. लग्नपत्रिकेत सुद्धा माझं नाव एकदाच होतं."

मखमलाबाद रस्त्याला जिथं आज 'रावजी सदन' उभं आहे, तिथं वीस वर्षांपूर्वी झेंडू आणि मेथीचे वाफे होते. नवऱ्याच्या, म्हणजे रावजींच्या, मागं कलाबाईंनी ती जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात आठ फ्लॅटांची ही तीन मजली इमारत घेतली. त्या वेळी रजिस्ट्रारच्या कचेरीत कुणी तरी शाईचं पॅड पुढं सरकवलं, तर त्यांनी ते बोटानं परत ढकललं. त्याआधी पंधरा दिवस बसून त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. शाळा दुसरीतच सुटली होती. पण 'कलाबाई' हा शब्द कुठंही, कसाही छापलेला असू दे, लांबून ओळखीचा माणूस दिसावा तसा त्यांना दिसायचा.

इमारत मुलीच्या नावावर होती. प्रतिभा कॅनडात. कलाबाई तळमजल्यावर एक नंबरात, आणि बाकीच्या सात घरांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्याच जुडग्यात पाण्याच्या मोटारीची, गच्चीची आणि मीटरच्या पेटीचीही. भाडं घ्यायचं ते त्यांनी, नळ दुरुस्त करवायचा तो त्यांनी, कोण भाडेकरू यायचा ते ठरवायचं त्यांनी. मग गेल्या वर्षी जावईबापूंना वाटलं की हे सगळं पद्धतशीर व्हायला हवं, आणि ज्ञानेश आला.

ज्ञानेश नाशिकरोडचा. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. अशा दहा-बारा परदेशी मालकांच्या इमारती तो सांभाळायचा. जमा झालेल्या भाड्यावर आठ टक्के त्याचे. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मागच्या महिन्याचा रिपोर्ट कॅनडाला पाठवायचा: वसुली, रिकाम्या जागा, दुरुस्ती, खर्च. आईलाही कळावं म्हणून प्रतिभानं तो मराठीत करायला सांगितला होता आणि एक छापील प्रत एक नंबरच्या दाराखालून सरकवायला. कलाबाईंनी आजवर त्या प्रती भाकरीच्या डब्यात तळाला घातल्या होत्या. कागद जाड असायचा, ओल धरायचा नाही.

फेब्रुवारीचा रिपोर्टही डब्यातच जायचा. पण घडी घालताना नाव दिसलं. एकदा दिसल्यावर चारदा दिसलं. मग त्यांनी अंबूबाईंना जिन्यावरून हाक मारून खाली बोलावलं आणि वाचायला लावलं.

"वसुली," अंबूबाईंनी चष्मा सारखा केला. "घर क्रमांक तीन, खंडेराव. भाडे पाचऐवजी पंधरा तारखेस. कारण, कलाबाई यांची तोंडी परवानगी."

"पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर असतो तो! पगारच दहाला होतो त्याचा. पाचला काय घड आणून देईल?"

"रिकाम्या जागा. घर क्रमांक पाच, तिसरा महिना रिकामे. तीन कुटुंबे पाहून गेली. कारण, कलाबाई."

"पुढं?"

"दुरुस्ती. घर पाचमधील ओल. प्लंबर धोंडीराम काम अर्धवट टाकून गेला, परत येण्यास नकार. कारण..."

"कळलं. पुढं."

"खर्च. धोंडीराम, दोन फेऱ्यांचे पैसे, काम न होता. कंसात कलाबाई."

"कंसात!" कलाबाई म्हणाल्या. त्यातलं कंसात हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे कॅनडात सकाळी, प्रतिभाचा व्हिडिओ कॉल आला. ज्ञानेशही त्याच वेळी बोलावला गेला होता. तो दाराशी चपला काढून, हात बांधून उभा राहिला.

"आई, खरं सांग. ती तीन कुटुंबं का पळाली?"

"पळवली नाय मी. पहिल्यानं विचारलं, ओल-बिल नाही ना? म्हटलं, हाय. बेडरूमच्या कोपऱ्याला हाय, बाथरूमच्या भिंतीला लागून. दुसरे नवरा-बायको जिन्यातच भांडत आले, मी फक्त विचारलं की रोजचंच का आजचं? अन् तिसरा पोरगा म्हणे मी नऊला उठतो. त्याला सांगितलं, आपल्याकडं पाणी साडेपाचला येतं बाबा, नऊला उठून काय धूळ अंगाला चोळशील?"

ज्ञानेश खाकरला. "ताई, ओलीवर मी रंग मारून घेणार होतो. काकूंनी रंगवाल्याला जिन्यातूनच परत पाठवला."

"रंगानं ओल जाते का रं? उद्या गळवाला पावडर लावशील!"

"आणि धोंडीराम?" प्रतिभानं विचारलं.

"त्याला विचारलं, भोक बुजवायला आला का पाडायला. चार फरशा फोडल्या अन् म्हणतो, पाणी कुठून येतं ते कळत नाही. जमिनीतलं पाणी कुठं फुटलं ते माझ्या गड्याला वाफ्यात उभं राहून कळायचं."

प्रतिभानं कपाळाला हात लावला. मग ती जे बोलली ते ऐकून कलाबाईंचा हात आपोआप कमरेकडं गेला.

"आई, आता किल्ल्या ज्ञानेशकडं दे. सगळा जुडगा. तू आराम कर. ओलीसाठी त्यानं ठेकेदाराचं कोटेशन पाठवलंय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंच्याऐंशी हजार. महिनाअखेरीला पैसे पाठवते मी."

"फाल्गुन चाललाय," कलाबाई म्हणाल्या. "पाऊस कुठाय, गच्ची गळायला?"

"गच्चीवरच्या टाकीचं पाणी भिंतीतून उतरतं, असं ठेकेदार म्हणतो," ज्ञानेश अदबीनं म्हणाला.

किल्ल्या गेल्या की काय उरतं ते कलाबाईंना दिसत होतं. तळमजल्यावरची म्हातारी, जिला जिन्यातून जाता-येता लोक 'जेवलात का' विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

"एक महिना दे," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पुढच्या रिपोर्टात माझं नाव एकदा जरी आलं, तरी मी माझ्या हातानं जुडगा देते. नाय आलं, तर किल्ल्यांचं नाव पुन्हा काढायचं नाय. कबूल?"

प्रतिभा हसली. "एकदा जरी?"

"कंसात सुद्धा."

ज्ञानेशनं लगेच कबूल म्हटलं. कलाबाईंना महिनाभर गप्प बसता येईल यावर त्याचा जसा विश्वास नव्हता, तसा तो अंबूबाईंचाही नव्हता.

पण कलाबाई गप्प बसल्या. तोंडात सुपारी धरायची आणि बाहेरच्या माणसाशी चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांनी नेमच केला. फक्त अंबूबाईंशी बोलायच्या, कारण अंबूबाई रिपोर्ट लिहीत नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी खंडेराव नेहमीप्रमाणे दाराशी येऊन म्हणाला, "काकू, भाडं पंधराला दिलं तर चालेल ना?" कलाबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खंडेराव जिना चढून वर गेला, कुणाकडून तरी उसने घेतले आणि त्याच दुपारी ज्ञानेशला भाडं पाठवून दिलं. "काकूंचं काही तरी बिनसलंय," असं तो सगळ्या इमारतीत सांगत सुटला. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्याला एवढी भीती वाटली नसती.

ओलीचं मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. रोज सकाळी पाच नंबर उघडून त्या कोपऱ्याखाली उभ्या राहायच्या. छताजवळचा तो डाग सकाळी फिका असायचा आणि दहाच्या सुमाराला गडद व्हायचा. टाकी तर पहाटेच भरायची. दहाला काय होतं? दहाला वरच्या सात नंबरात अंबूबाई नातवाला आंघोळ घालायच्या. बादलीभर पाण्यात एक तास.

रंगपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. अंबूबाईंच्या नातवाचा अर्धा पुडा गुलाबी रंग उरला होता. कलाबाईंनी तो ताब्यात घेतला, तांब्याभर पाण्यात कालवला आणि सात नंबरच्या बाथरूममध्ये नहाणीच्या जाळीत ओतला. वरून आणखी दोन बादल्या पाणी.

"अहो, पण तुमचं नाव येईल ना कागदात," अंबूबाई घाबरल्या.

"पैज जिभेची लागली माझी. हाताची कुणी लावली?"

आता ह्यात त्यांच्याकडून एक चूक झाली. आपण तोंड बंद ठेवलं म्हणून जगाचंही बंद राहील असं धरून त्या चालल्या होत्या. ज्ञानेशचे निरोप कुणी त्यांना सांगत नव्हतं, कारण त्या कुणाला काही विचारत नव्हत्या. त्यामुळं दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ज्ञानेश पाच नंबर दाखवायला माणूस घेऊन येणार आहे, हे त्यांना तो दारात उभा राहिला तेव्हाच कळलं.

माणूस म्हणजे ज्योत्स्ना. दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, इगतपुरीहून बदली होऊन आलेली, बरोबर वयस्क आई. बायका नीटस, बोलणं मोजकं. कलाबाईंना दोघी पाहताक्षणी आवडल्या, आणि त्यामुळं तर वर जाताना त्या मुद्दाम एकेक पायरी सावकाश चढल्या.

दार उघडलं. हॉल पाहिला, ओटा पाहिला. ज्ञानेश पाण्याचं, उजेडाचं, शेजाराचं सगळं गोड गोड सांगत होता. मग तो बेडरूममध्ये शिरला आणि बोलता बोलता थांबला.

कोपऱ्यातलं छत गुलाबी झालं होतं. नुसतं गुलाबी नव्हे, लग्नातल्या फेट्यासारखं गुलाबी. आणि त्यातून भिंतीवर दोन ओघळ बारीक उतरले होते.

"हे काय?" ज्योत्स्नानं विचारलं.

"ते... डिझाइन," ज्ञानेश म्हणाला. "म्हणजे, नवीन रंग देतोय आम्ही. सॅम्पल."

"एकाच कोपऱ्याला? आणि ओला आहे." तिनं बोट लावलं, बोट डोळ्यांसमोर धरलं. रोज रक्त तपासणारी बाई ती. "हा ऑइलपेंट नाही. पाण्यातला रंग आहे."

तिची आई दाराकडं सरकली. "आमच्या इगतपुरीला चार महिने भिंती गळतात, पण त्या बाई रंगीत नाही गळत."

मग दोघींनी कलाबाईंकडं पाहिलं. कलाबाई उंबऱ्यात उभ्या, जुडगा हातात, ओठ घट्ट मिटलेले, गाल सुपारीनं फुगलेला.

"आजी, तुम्ही इथंच राहता ना? तुम्ही सांगा, काय आहे हे?"

कलाबाई छताकडं पाहू लागल्या.

"आजी बोलत नाहीत का?" आईनं दबक्या आवाजात ज्ञानेशला विचारलं. "काही झालंय का ह्या घरात? कुणी गेलं-बिलं?"

चौथं कुटुंब चाललं होतं, आणि ह्या वेळी कारण म्हणून लिहायला कुणीच नव्हतं. ज्ञानेश कलाबाईंजवळ आला, पाठ फिरवून कुजबुजला, "काकू, बोला ना काही तरी."

कलाबाईंनी एक बोट वर केलं आणि हवेत लिहिल्यासारखं फिरवलं.

"नाही लिहिणार."

त्यांनी भुवया उंचावल्या.

"शप्पथ नाही लिहिणार. आईची शप्पथ."

त्यांनी सुपारी पदराच्या टोकात काढून ठेवली, आणि अठरा दिवसांचं साठलेलं एकदम सुटलं.

"हे बघ पोरी, भूत-बित काही नाय. हा आमच्या ह्या साहेबाचा पंच्याऐंशी हजाराचा डाग. ठेकेदार म्हणतो गच्ची गळते. मी काल वरच्या घरात नहाणीच्या जाळीत रंगपंचमीचा रंग ओतला. गच्चीवर नाय, नहाणीत. आज खाली उतरला. म्हणजे गळतंय कुठं? वरच्या नहाणीचा जोड सुटलाय, तिथं. तो बदलला की झालं, दोन दिवसांचं काम. ह्या घरात हवा चांगली, पाणी साडेपाचला येतं, मोटार मी लावते, उशीर झाला तर बोंब मारते. वरचं पोरगं दहाला आंघोळीच्या वेळी गळा काढतं, ते तुम्हाला ऐकू येईल. खालचा खंडेराव घोरतो, तेही येईल. एवढंच वाईट हाय. बाकी चांगलंच हाय."

ज्योत्स्नाची आई दारातून परत आत आली. "घोरणारा आमच्याकडंही होता," ती म्हणाली. "सवय आहे."

ज्योत्स्ना मात्र अजून बोटाकडंच पाहत होती. "आम्ही लॅबमध्ये असंच करतो," ती म्हणाली. "रंग घालून बघतो, कुठं कुठं पोचतो ते." मग ज्ञानेशकडं वळली. "जोड बदलून, भिंत वाळवून, मग रंग द्या. एक तारखेला येऊ. करार कधी करायचा?"

त्याच दुपारी कलाबाईंनी धोंडीरामला फोन लावायला अंबूबाईंना सांगितलं आणि फोन हातात घेऊन फक्त म्हणाल्या, "चुकलं माझं. आता ये, जागा दाखवते." धोंडीरामनं हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि कलाबाईंनी दात-ओठ खात पुन्हा म्हटलं. जोड खरंच सुटलेला निघाला. फरशा आणि मजुरी धरून साडेपाच हजारांत काम झालं. ज्ञानेशनं ठेकेदाराला नको म्हणून कळवलं, अकरा महिन्यांचा करार नोंदवला, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली, आणि एक तारखेला ज्योत्स्नाचा टेंपो दारात लागला.

पाच एप्रिलला संध्याकाळी ज्ञानेशनं रिपोर्ट दाराखालून सरकवला नाही. स्वतः घेऊन आला, पेढ्यांच्या पुड्यासकट. अंबूबाई होत्याच. फोनवर प्रतिभाही होती, सकाळचा चहा पीत.

कलाबाईंनी कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. वसुली झाली. रिकाम्या जागा झाल्या. दुरुस्ती, खर्च. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. ओळखीचं माणूस कुठंच दिसलं नाही.

"जिंकलात काकू," ज्ञानेश मनापासून म्हणाला. "शब्द दिला होता, पाळला. किल्ल्या तुमच्याच."

"आई, कमाल केलीस," प्रतिभा म्हणाली. "आणि ज्ञानेश, तुमचीही. ती गळती शोधून पंच्याऐंशी हजार वाचवलेत. शाब्बास!"

ज्ञानेश कानापर्यंत लाल झाला. पण काही बोलला नाही, कारण शपथ आईची होती.

कलाबाईंच्या हातातला पेढा तोंडाशी जाऊन परत आला.

"अंबू, दुरुस्तीचं वाच."

"घर पाचमधील ओल. तपासणीत असे आढळले की..."

"कुणाच्या तपासणीत?"

"तसं नाही लिहिलेलं."

"अन् रिकाम्या जागेचं?"

"घर पाच भाड्याने गेले. कारण काही नाही दिलेलं."

"घर रिकामं होतं तेव्हा कारण होतं, भरलं तेव्हा कारण नाय?"

कलाबाईंनी कमरेचा जुडगा काढला. हातात तोलला. इमारत उभी राहिल्यापासून तो एवढा वेळ त्यांच्या अंगावेगळा झाला नव्हता. एका बाजूला किल्ल्या होत्या, दुसऱ्या बाजूला तो जाड कागद, ज्यात त्या कुठंच नव्हत्या. मग त्यांनी जुडगा टीपॉयवर ठेवला आणि ज्ञानेशसमोर सरकवला.

"शप्पथ मोडली तुझी. मीच मोडली, तुझ्या आईला काही व्हायचं नाय. काढ ती दोन पेनं, अन् लिही. मागच्या वेळी जिथं जिथं घातलंस, तिथं तिथं घाल."

"काकू, पण नाव आलं की तुम्ही हरता. किल्ल्या जातील."

"जाऊ दे. लिही."

फोनमध्ये प्रतिभाचा चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. ज्ञानेश खाली बसला आणि पेनानं लिहू लागला. वसुली, घर तीन, भाडे पंधराऐवजी सहा तारखेस जमा. कारण, कलाबाई यांचे न बोलणे. दुरुस्ती, गळतीचे मूळ शोधले, कलाबाई. रिकाम्या जागा, घर पाच गेले. कारण, कलाबाई यांनी खरे सांगितले. खर्च, साडेपाच हजार, कंसात कलाबाई, नाही तर पंच्याऐंशी.

"कंस चांगला काढ," कलाबाई म्हणाल्या.

लिहून झालं. ज्ञानेशनं जुडगा उचलला. जड होता. एकेक किल्ली चाळत तो म्हणाला, "यात मोटारीची कुठली?"

"पितळी."

"पाणी साडेपाचलाच येतं ना?"

"कधी पाचला पण येतं. तू आपला पावणेपाचपासून उभा राहा. नाशिकरोडहून निघायला किती वाजतील, ते तू बघ."

ज्ञानेशनं घड्याळाकडं पाहिलं, मग जुडग्याकडं, मग फोनकडं. प्रतिभा पदर नसतानाही पदर तोंडाला लावल्यासारखी हसत होती. त्यानं कागद पुन्हा ओढला, सगळ्यात खाली एक नवी ओळ लिहिली आणि अंबूबाईंपुढं धरली.

"किल्ल्या," अंबूबाईंनी वाचलं, "कलाबाई यांच्याकडे. कारण, सकाळी साडेपाच."

"पाचदा झालं," कलाबाई म्हणाल्या. जुडगा त्यांनी उचलला, कमरेला खोचला, आणि मघाचा पेढा अर्धा मोडून ज्ञानेशच्या हातावर ठेवला.

"ज्ञानेश, तू चोर नाहीस, लबाड नाहीस, आळशी पण नाहीस. तुझ्यात एकच खोट हाय. बिघडलं की तुला माणसाचं नाव आठवतं, अन् सुधारलं की विसरतोस. ती काढ, मग तुझ्यासारखा माणूस सगळ्या नाशकात नाय. अन् आता चप्पल घाल, वर जा, अन् खंडेरावला सांग, पंधराला दिलं तरी चालेल."